सर्व्हेच्या शीटमधले ब्लँक सेल: सारांश काढण्याआधीच्या कामाच्या नोंदी

काम असं: एका वाचनालयाच्या सभासदांचा सर्व्हे, 24 प्रश्न, नाव न विचारता घेतलेला. 293 प्रतिसाद ऑनलाइन आले, 134 कागदी फॉर्म दोघांनी बसून टाइप केले. एकूण 427 ओळी, एक्सेलमध्ये. सारांशातून दोन निर्णय व्हायचे होते: संध्याकाळची वेळ वाढवायची का (प्रश्न 18) आणि वाढीव वर्गणी सभासदांना चालेल का (प्रश्न 21). टक्केवारी काढणं अर्ध्या तासाचं काम. त्याआधी ब्लँक सेल निस्तरण्यात सहा दिवस गेले. असंच काम हाती असेल तर कुठे अडकायला होतं ते कळावं म्हणून या नोंदी.

दिवस 1: शीट हलवण्याआधी

सुरुवातच चुकली. तारखेनुसार क्रम लावायला सॉर्ट दिलं. प्रश्न 13 नंतर एक आख्खा कॉलम रिकामा राहिलेला होता, बहुतेक दोन फाइल जोडताना. एक्सेल डेटाची हद्द स्वतः ठरवतो आणि पूर्ण रिकामा कॉलम लागला की तिथेच थांबतो. त्यामुळे डावीकडचा भाग हलला, उजवीकडचा जागच्या जागी राहिला. एका माणसाच्या पहिल्या 13 उत्तरांपुढे दुसऱ्याचीच 11 उत्तरं. वरवर पाहता काहीच बिघडलेलं दिसत नव्हतं. उत्तरं परस्परांशी जुळेनात तेव्हा लक्षात आलं: "मी संध्याकाळी कधीच येत नाही" असं लिहिणाऱ्याने पुढे संध्याकाळच्या गर्दीची तक्रार केली होती. तोवर फाइल सेव्ह झालेली. मूळ फाइल पुन्हा उतरवून कागदी भाग परत जोडला. दोन तास गेले.

आता क्रम असा ठेवला आहे. `raw` शीटला हात लावायचा नाही. तिची व्हॅल्यूज पेस्ट करून `work` शीट करायची, तिच्यातला रिकामा कॉलम काढायचा आणि सगळ्यात डावीकडे प्रत्येक ओळीला कायमचा क्रमांक द्यायचा. पुढची सगळी दुरुस्ती `work` मध्ये, आणि `log` नावाच्या चौथ्या शीटवर प्रत्येक बदलाची एक ओळ: कुठला क्रमांक, कुठला प्रश्न, आधी काय होतं, आता काय आहे, का बदललं. तयार आकडे `clean` मध्ये.

`work` मधून 15 ओळी काढल्या. 9 ओळींत वेळेखेरीज काहीच नव्हतं. 6 जणांनी एकाच मिनिटात दोनदा सबमिट केलं होतं, मोकळ्या मजकुराचं उत्तरसुद्धा अक्षर न अक्षर तेच. उरल्या 412 ओळी: 278 ऑनलाइन, 134 कागदी.

दिवस 2: ब्लँक मोजायलाच अर्धा दिवस

प्रश्न 8 (घरी न्यायच्या पुस्तकाची मुदत पुरते का, 1 ते 5) घेऊन मोजणी तपासली. `COUNTBLANK` ने 151 दाखवले. फिल्टर लावून डोळ्यांनी मोजले तर 160. उरलेल्या 9 सेलमध्ये स्पेस होती. त्यातल्या काहींमध्ये वेबवरून कॉपी करताना येते ती न तुटणारी स्पेस, जी `TRIM` ला दिसतच नाही. तिचा कोड 160. आधी तिची साधी स्पेस करून मग `TRIM` लावावं लागतं:

```
=SUMPRODUCT(--(LEN(TRIM(SUBSTITUTE(work!K2:K413,CHAR(160)," ")))=0))
```

याने 160 आले.

इथे दुसरी चूक केली. सगळ्या स्पेस एकदाच घालवाव्यात म्हणून `clean` मध्ये प्रत्येक सेलला `=TRIM(work!K2)` लावून टाकलं. `TRIM` चं उत्तर नेहमी मजकूर असतं, त्यामुळे 4 हा आकडा "4" हे अक्षर झाला आणि `AVERAGE` ने `#DIV/0!` दिलं. एरर आली हे नशीबच. काही सेल आकडे आणि काही मजकूर असते तर सरासरी गुपचूप उरलेल्या आकड्यांवर निघाली असती. दुसरी गंमत अशी की रिकाम्या सेलवरच्या `TRIM` ने `""` येतं. हा सेल `COUNTBLANK` ला रिकामा वाटतो आणि `COUNTA` ला भरलेला. दोघांची बेरीज 412 पेक्षा जास्त आली की समजावं, शीटमध्ये असे सेल आहेत.

नुसतं `=work!K2` लिहिणं त्याहून वाईट. एक्सेलमध्ये रिकाम्या सेलचा असा संदर्भ 0 देतो, आणि 1 ते 5 च्या प्रश्नात 151 शून्यं शिरतात. गूगल शीट्समध्ये तोच संदर्भ रिकामा राहतो, म्हणून तिथून आणलेली फाइल बरोबर वाटते आणि एक्सेलमध्ये नव्याने लिहिलेली चुकते.

यावर उपाय म्हणून ठरवलं की `clean` मध्ये एकही सेल रिकामा ठेवायचा नाही. उत्तर नसेल तर ते का नाही, ते शब्दांत लिहायचं. शब्दच का, 99 का नाही? कारण `AVERAGE` आणि `COUNT` मजकूर सोडून देतात. 99 मात्र बेरजेत धरलं जातं, आणि तो कोड आहे हे तीन महिन्यांनी फाइल उघडणाऱ्याला कोण सांगणार?

दिवस 3: कागदी फॉर्ममधली शून्यं

टाइप करणाऱ्या दोघांना कोऱ्या उत्तराचं काय करायचं ते सांगितलंच नव्हतं. एकाने `-` घातलं, दुसऱ्याने `0`. प्रश्न 8 मध्ये हे सहज सापडलं, कारण तिथे 0 हे उत्तरच नाही: 8 डॅश, 5 शून्यं. म्हणजे प्रश्न 8 चे खरे कोरे सेल 151 + 9 + 8 + 5 = 173.

प्रश्न 10 मध्ये अडचण झाली. "गेल्या महिन्यात किती वेळा आलात?" इथे 0 हे अगदी खरं उत्तर असू शकतं. कागदी ओळींत 23 शून्यं होती आणि शीटकडे कितीही पाहिलं तरी त्यातली कुठली खरी हे कळणार नव्हतं. 23 फॉर्म गठ्ठ्यातून काढून पाहिले: 14 जणांनी स्वतः 0 लिहिलं होतं, 9 जागा कोऱ्या. सगळं मिळून 40 मिनिटं लागली, तीही फॉर्मवर क्रमांक टाकलेले होते म्हणून. क्रमांक नसते तर ही 23 उत्तरं "कळत नाही" मध्ये टाकावी लागली असती.

पुढच्या वेळी टाइप करणाऱ्यांना एकच सूचना: कागदावर काही नसेल तर सेलला हात लावू नका.

दिवस 4: एकाच रिकाम्या सेलचे चार अर्थ

हा सगळ्यात महत्त्वाचा दिवस. प्रश्न 8 चे 173 सेल कोरे म्हणजे उत्तरं 239, आणि 412 पैकी 239 म्हणजे 58 टक्के. पहिल्या कच्च्या सारांशात "प्रश्न 8 ला प्रतिसाद कमी" असं लिहूनही झालं होतं. ते चूक होतं.

प्रश्न 6 विचारतो: गेल्या तीन महिन्यांत पुस्तक घरी नेलं का? "नाही" म्हटलं तर 7 ते 9 वगळायचे. 139 जण नाही म्हणाले. त्यांचे कोरे सेल ही फॉर्मचीच सूचना पाळल्याची खूण. 261 जण हो म्हणाले, 12 जणांनी प्रश्न 6 च सोडला. या 12 पैकी 5 जणांनी 7 ते 9 नीट भरले होते, म्हणजे पुस्तक नेलं असणारच. त्यांचं प्रश्न 6 "हो" धरलं आणि पाचही बदल `log` मध्ये लिहिले. उरलेल्या 7 जणांचं काहीच सांगता येत नाही.

म्हणजे प्रश्न 8 लागू होता 266 जणांना आणि उत्तर दिलं 239 जणांनी: 90 टक्के. 58 आणि 90 मधला फरक सगळा छेदाचा.

सूत्र असं बसवलं (`I` मध्ये प्रश्न 6, `K` मध्ये प्रश्न 8, डॅश आणि शून्यं `work` मध्ये आधीच पुसलेली):

```
=IF(LEN(TRIM(SUBSTITUTE(work!K2,CHAR(160)," ")))>0,work!K2,
 IF(clean!I2="नाही","लागू नाही",
 IF(clean!I2="हो","उत्तर नाही","कळत नाही")))
```

चौथा शिक्का "विचारलं नाही". तो कशाला लागला ते दिवस 6 मध्ये.

त्यानंतर प्रश्न 12: "यांपैकी कुठल्या सोयी वापरता?" सहा चौकटी, हव्या तितक्यांवर खूण. शीटमध्ये याचे सहा कॉलम होतात आणि खूण नसेल तिथे सेल रिकामा. इथला रिकामा सेल बहुतेक वेळा "नाही" असा अर्थ घेऊन येतो, त्याला "उत्तर नाही" म्हणणं चूक. पण सहाही रिकामे असतील तर? अशा 31 ओळी होत्या. तो माणूस एकही सोय वापरत नाही की त्याने प्रश्नच ओलांडला? फॉर्ममध्ये "यांपैकी एकही नाही" ही सातवी चौकट असती तर हा घोळ झालाच नसता.

वाट काढली ती शेजारच्या प्रश्नांवरून. प्रत्येक ओळीत शेवटचं उत्तर कुठल्या कॉलमात आहे ते काढलं:

```
=LOOKUP(2,1/(work!D2:AJ2<>""),COLUMN(work!D2:AJ2))
```

हे सूत्र स्पेस, डॅश आणि उपरी शून्यं पुसल्यावरच चालवायचं, नाहीतर एका स्पेसलाही उत्तर समजतं. 31 पैकी 19 ओळी प्रश्न 12 च्या आधीच संपल्या होत्या, म्हणजे फॉर्म अर्धवट सोडून दिलेला. 12 जणांनी मात्र 11 आणि 13 दोन्हींची उत्तरं दिली होती. त्यांचा निकाल लागत नाही. मग वाचनकक्षाचा आकडा (214 खुणा) दोन छेदांनी काढला: 12 जणांना "वापरत नाहीत" धरलं तर 393 पैकी 54 टक्के, त्यांना बाजूला ठेवलं तर 381 पैकी 56. सारांशात "54 ते 56 टक्के" असंच लिहिलं. दोन टक्क्यांच्या फरकाने इथे कुठलाच निर्णय बदलत नाही, त्यामुळे यावर आणखी वेळ घालवला नाही.

दिवस 5: बेरजेचा सापळा, आणि सरासरी भरण्याचा मोह

प्रश्न 15 मध्ये समाधानाची पाच विधानं, प्रत्येकाला 1 ते 5. एकूण गुण म्हणून `SUM` लावलेला होता. एक ओळ जवळून पाहू: 4, 4, रिकामा, 5, रिकामा. बेरीज 13. खालच्या ओळीतल्या माणसाने पाचही ठिकाणी 3 दिले होते, बेरीज 15. म्हणजे जो माणूस दिलेल्या प्रत्येक उत्तरात जास्त समाधानी आहे, तोच यादीत खाली. बेरजेत रिकामा सेल म्हणजे शून्य, आणि शून्य हे तर 1 पेक्षाही वाईट मत झालं.

बेरीज सोडून सरासरी घेतली, पण पाचपैकी निदान चार उत्तरं असतील तरच:

```
=IF(COUNT(clean!W2:AA2)>=4,AVERAGE(clean!W2:AA2),"उत्तर नाही")
```

चारच का? एक विधान सुटलं तर बाकी चारांवरून कल कळतो. दोन सुटली तर "समाधान" कशाचं मोजलं हेच बदलायला लागतं. तीनची अट ठेवूनही चालवून पाहिलं, निष्कर्ष तेच आले, म्हणून कडक अट ठेवली. 341 जणांनी पाचही, 29 जणांनी चार विधानं भरली होती. 370 ओळी धरल्या, 42 सोडल्या आणि हा 42 चा आकडा तक्त्याखाली लिहिला.

मधेच सूचना आली की रिकाम्या जागी त्या कॉलमची सरासरी भरा, तक्ता भरगच्च दिसेल. दिसेल खरा. पण भरलेले सगळे सेल मधोमध बसतात, त्यामुळे मतभेद आहेत त्याहून कमी दिसतात, आणि तळाला 412 लिहिलेलं असतं जेव्हा बोललेले लोक त्याहून कमी आहेत. वर्णनाच्या साध्या सारांशात हे करायचंच नाही असं ठरलं.

पिव्होटबद्दल एक छोटी नोंद. `work` वर पिव्होट करून ओळींत प्रश्न 18 आणि मूल्यांतही प्रश्न 18 चाच काउंट टाकला, तर `(blank)` ची ओळ दिसते पण तिच्यापुढे आकडा येत नाही. काउंट रिकामे सेल मोजतच नाही. मूल्यांत ओळीचा क्रमांक टाकायचा, म्हणजे कोरे किती ते लगेच समोर येतं.

दिवस 6: कधी म्हणायचं की डेटा अपुरा आहे

"इतके टक्के कोरे असतील तर प्रश्न बाद" असा एकच आकडा शोधण्यात सकाळ गेली. अमेरिकी केंद्र सरकारच्या सांख्यिकी सर्वेक्षणांसाठीच्या 2006 च्या मानकांत एक रेघ आहे: एखाद्या प्रश्नाला उत्तर मिळण्याचं प्रमाण 70 टक्क्यांखाली गेलं तर न दिलेल्या उत्तरांमुळे निष्कर्ष एका बाजूला झुकलाय का, याची तपासणी करायची. ती रेघ तपासणी कधी करायची ते सांगते, प्रश्न फेकून द्यायला सांगत नाही. शेवटी कोऱ्यांची संख्या एकटी बघून काही ठरत नाही. त्यांनी निकाल उलटू शकतो का, हे बघायचं.

त्यासाठी दोन टोकं काढायची. सगळे कोरे "नाही" धरून एक टक्का, सगळे "हो" धरून दुसरा. खरा आकडा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असणारच, कुठलंही गृहीतक न लावता.

प्रश्न 18, संध्याकाळची वेळ: हो 289, नाही 85, कोरे 38. उत्तर देणाऱ्यांत 77 टक्के हो. खालचं टोक 289/412 म्हणजे 70 टक्के, वरचं 327/412 म्हणजे 79. कोऱ्या 38 जणांनी काहीही म्हटलं असतं तरी बहुमत हो. प्रश्न संपला.

प्रश्न 21, वाढीव वर्गणी: हो 148, नाही 107, कोरे 157. उत्तर देणाऱ्यांत 58 टक्के हो, आणि हाच आकडा कच्च्या सारांशाच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत होता. टोकं काढली: 36 आणि 74.

कोरे इतके का, हे पाहायला ओळी वेळेनुसार लावल्या (आता क्रमांकासकट). ऑनलाइनच्या पहिल्या 92 ओळींत प्रश्न 21 सलग कोरा, एकही अपवाद नाही. माणसं उत्तर टाळतात तेव्हा कोरे सेल विखुरलेले असतात. सलग पट्टा दिसला तर फॉर्ममध्ये काहीतरी झालेलं असतं. विचारल्यावर कळलं की प्रश्न 21 ऑनलाइन फॉर्ममध्ये नंतर घातला होता. या 92 जणांना "विचारलं नाही" हा शिक्का. म्हणजे विचारलं 320 जणांना, उत्तर दिलं 255 जणांनी, 80 टक्के. 62 टक्क्यांवरून 80 वर आलो म्हणजे प्रश्न सुटला असं क्षणभर वाटलं. टोकं पुन्हा काढली:

```
=COUNTIF(clean!AG2:AG413,"हो")/320
=(COUNTIF(clean!AG2:AG413,"हो")+COUNTIF(clean!AG2:AG413,"उत्तर नाही"))/320
```

46 आणि 67. अजूनही पन्नाशीच्या दोन्ही बाजूंना.

हेच तोंडी करता येतं: हो आणि नाही यांच्यातला फरक कोऱ्यांपेक्षा मोठा आहे का? प्रश्न 18 मध्ये फरक 204, कोरे 38. प्रश्न 21 मध्ये फरक 41, कोरे 65. कोरे फरकापेक्षा जास्त असतील तर बहुमत कुणाचं हे सांगू नये.

उरले ते 92. त्यांना सोडून द्यायचं तर ते बाकीच्यांसारखेच आहेत हे दिसायला हवं. प्रश्न 3 (किती वेळा येता) सगळ्या 92 जणांनी भरला होता. त्यात आठवड्यातून एकदा तरी येणारे 71, म्हणजे 77 टक्के. नंतरच्या 186 ऑनलाइन प्रतिसादांत असे 84, म्हणजे 45 टक्के. नेहमी येणाऱ्यांनी लिंक आली त्याच दिवशी फॉर्म भरला होता. आणि वर्गणीबद्दल या दोन गटांचं मत वेगळं आहे: उत्तर दिलेल्यांत नेहमी येणारे 121 पैकी 82 हो म्हणाले, अधूनमधून येणारे 134 पैकी 66. म्हणजे 68 विरुद्ध 49 टक्के. ज्यांना विचारलंच नाही तो गट नेमका या मुद्द्यावर वेगळा निघण्याची शक्यता आहे. "नेहमी येणारे हो म्हणतात, तर हेही म्हणाले असते" असं धरून आकडा वर ढकलता आला असता. पण मग सारांशात सभासदांचं मत राहिलं नसतं, आपला अंदाज आला असता.

दिवस 7: सारांशात काय लिहिलं

"डेटा अपुरा" एवढेच दोन शब्द लिहिले की वाचणारा मागच्या पानावरचा 58 उचलतो. म्हणून प्रश्न 21 चा ठळक टक्का काढला आणि त्या जागी हे ठेवलं:

"प्रश्न 21 एकूण 412 पैकी 320 जणांना विचारला गेला, ऑनलाइनच्या पहिल्या 92 जणांच्या फॉर्ममध्ये तो नव्हता. 148 हो, 107 नाही, 65 जणांनी उत्तर दिलं नाही. 'हो' म्हणणाऱ्यांचं प्रमाण 46 ते 67 टक्क्यांच्या मध्ये कुठेही असू शकतं. बहुमत कुठल्या बाजूला आहे हे या माहितीवरून सांगता येत नाही."

त्याखाली दोन गटांचे आकडे वेगळे दिले, "फक्त उत्तर दिलेल्यांत" हे शब्द प्रत्येक ओळीत पुन्हा लिहून. प्रत्येक तक्त्याला चार आकडे बंधनकारक केले: किती जणांना लागू, किती जणांना विचारलं, किती उत्तरं, किती कोरी. यामुळे तक्ते रुंद झाले आणि दोन पानांचा सारांश तीन पानांचा झाला.

सर्व्हे निनावी असल्यामुळे त्या 92 जणांना गाठता येणार नाही. फक्त प्रश्न 3 आणि प्रश्न 21 असा दोन प्रश्नांचा फॉर्म सगळ्या सभासदांना पुन्हा पाठवायचा आहे. प्रश्न 21 ला "अजून ठरवलं नाही" हा तिसरा पर्याय घातला आहे, आणि फॉर्म एकदा पाठवल्यावर त्यात काहीही वाढवायचं नाही. जुनी 255 उत्तरं नव्यांत मिसळायची नाहीत. कुणी दोन्ही वेळा भरलं ते ओळखता येणार नाही.